वाड्यातल्या एका फोटोवरून आजोबांची उंची : प्रकल्प नोंदी

9 नोव्हेंबर 2024

वाईच्या वाड्यातला 1968 सालचा एक फोटो आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. मागच्या अंगणात आजोबा उभे आहेत, मागे परसदार, आणि त्यांच्या टोपीचं टोक दाराच्या गणेशपट्टीच्या खालच्या कडेपेक्षाही वर गेलेलं दिसतं. आजोबा सहा फुटी होते, असं घरात सगळे म्हणतात ते याच फोटोकडे बोट दाखवून. आत्या आणखी एक पुरावा देते. "अगं, त्या दारातून ते वाकल्याशिवाय कधी बाहेर आले नाहीत."

फोटोतून उंची नीट मोजता येते का, आणि किती खात्रीनं, हे मला पाहायचं आहे. हाताशी बरंच काही आहे. वाडा उभा आहे, दार तेच आहे. काकांचा यशिका-मॅट कॅमेरा कपाटात आहे आणि त्याच्या लेन्सवर 80 मिमी कोरलेलं आहे. सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे मूळ निगेटिव्ह सापडली. छापील फोटोच्या कडा कापलेल्या असू शकतात, मग चित्राचा मध्य कुठे होता ते कळत नाही. निगेटिव्हमध्ये तो प्रश्नच येत नाही.

120 फिल्मवरची चौकोनी फ्रेम साधारण 56 मिमीची असते. ती 2800 पिक्सेलमध्ये बसेल अशी स्कॅन केली. म्हणजे 1 मिमीला 50 पिक्सेल, आणि 80 मिमीची लेन्स म्हणजे 4000 पिक्सेल. मध्यबिंदू 1400, 1400. कॅमेरा किंचित कलला होता, म्हणून आधी स्कॅन फिरवून क्षितिजरेषा आडवी करून घेतली. पुढचे सगळे आकडे चित्राच्या वरच्या कडेपासून खाली मोजलेले पिक्सेल आहेत.

10 नोव्हेंबर

आधी सरळ प्रमाण मांडून पाहिलं, म्हणजे दुरुस्ती नेमकी किती लागते ते कळेल. दाराची डावी बाजू वरपासून खालपर्यंत स्पष्ट दिसते. चौकट जमिनीला टेकते ती जागा 2341 वर, गणेशपट्टीची खालची कड 1350 वर. आजोबांची टोपी 1325 वर, पावलं 2476 वर. दाराचे 991 पिक्सेल, आजोबांचे 1151. दार साधारण 180 सेंमी धरलं तरी आजोबा 209 सेंमी होतात, म्हणजे जवळजवळ सात फूट.

कारण उघड आहे. आजोबा दाराच्या पुढे, कॅमेऱ्याच्या जवळ उभे आहेत. त्यांची पावलं चित्रात दाराच्या पायथ्यापेक्षा 135 पिक्सेल खाली आहेत, तेच त्याचं चिन्ह. एकाच जमिनीवरच्या दोन गोष्टींचे पायथे चित्रात एका पातळीत नसतील, तर त्यांच्या पिक्सेलचं थेट प्रमाण घेण्यात अर्थ नाही. टोपी गणेशपट्टीच्या वर दिसते तीही याच कारणानं. ज्या फोटोवरून घरात सहा फूट ठरले, त्या फोटोत त्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

16 नोव्हेंबर

दुरुस्तीचा गाभा एका गोष्टीत आहे. कॅमेरा जमिनीपासून ज्या उंचीवर धरलेला असतो, बरोबर त्याच उंचीवर क्षितिजरेषा त्या जमिनीवरच्या प्रत्येक उभ्या वस्तूला कापते, मग ती वस्तू जवळ असो की लांब. कॅमेरा पोटाशी धरला असेल, तर जवळच्या माणसालाही ती रेषा पोटाशी कापेल आणि लांबच्या माणसालाही, दोघांची उंची सारखी असेल तर. म्हणून अंतर माहीत असण्याची गरजच पडत नाही. दारावरून कॅमेऱ्याची उंची काढायची आणि कॅमेऱ्याच्या उंचीवरून आजोबांची.

एका फोटोवरून मापं काढण्याची ही रीत क्रिमिनिसी, रीड आणि झिसरमन या तिघांनी 1999 साली पद्धतशीर मांडली. तिच्यासाठी तीन गोष्टी लागतात : जमिनीची क्षितिजरेषा, उभ्या रेषांचा व्हॅनिशिंग पॉइंट, आणि त्याच जमिनीवर उभी असलेली, माहीत उंचीची एक वस्तू.

क्षितिजरेषा फोटोत कुठेच दिसत नाही, चारी बाजूंनी भिंती आहेत. ती अंगणाच्या शहाबादी फरशीवरून काढली. कॅमेऱ्यापासून दाराकडे जाणाऱ्या सांध्यांच्या रेषा वाढवल्या की एका ठिकाणी मिळतात, तो पहिला व्हॅनिशिंग पॉइंट. आडवे सांधे चित्रात जवळजवळ समांतर आहेत, त्यांचा बिंदू फार लांब जातो आणि भरवशाचा राहत नाही. त्याऐवजी फरश्यांचे कर्ण घेतले. फरश्या चौरस असल्यामुळे दोन्ही बाजूंचे कर्ण आपापल्या बिंदूला मिळतात. या तीन बिंदूंमधून जाणारी रेषा 1750 च्या आसपास आली. हातानं टिपलेल्या रेषा अर्थातच एका बिंदूत चपखल मिळत नाहीत. त्यांच्या विखुरण्यावरून क्षितिजरेषेत 15 पिक्सेलपर्यंत फरक असू शकतो, असं मी धरते.

23 नोव्हेंबर, वाई

दार मोजायला गेले. आजच्या जमिनीपासून गणेशपट्टीच्या खालच्या कडेपर्यंत 179 सेंमी. हा आकडा घेऊन निघणार होते, पण फोटोचा प्रिंट हातात होता आणि उंबरठ्याकडे लक्ष गेलं. फोटोतला उंबरठा चांगला उंच आहे, ओलांडताना पाय उचलावा लागेल एवढा. आज तो जमिनीपासून 11 सेंमीच वर आहे. आत्याला विचारलं तेव्हा कळलं, की मध्यंतरी जुन्या फरशीवरच कोबा करून टाइल्स बसवल्या. अंगण वर आलं, दार तिथंच राहिलं.

म्हणजे आज जमिनीपासून घेतलेलं कुठलंही माप 1968 च्या जमिनीला लागू नाही. पण उंबरठ्याच्या वरच्या कडेपासून गणेशपट्टीपर्यंतचं अंतर बदललेलं नाही. ते 168 सेंमी भरलं. फोटोत उंबरठ्याची वरची कड 2243 वर आहे. म्हणजे 168 सेंमीला 893 पिक्सेल, आणि उंबरठ्याखालच्या भागाला 98. प्रमाणानं त्या वेळी उंबरठा जमिनीपासून साधारण 18 सेंमी वर होता. इथे सरळ प्रमाण चालतं, कारण तिन्ही बिंदू एकाच उभ्या रेषेवर, कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर आहेत. मिळून 186 सेंमी. आजच्या मापापेक्षा 7 सेंमी जास्त.

ही तफावत पुढे जशीच्या तशी उत्तरात उतरते. संदर्भवस्तू चार टक्क्यांनी चुकली की माणूसही चार टक्क्यांनी चुकतो, आणि नंतरचं कुठलंच गणित ते सावरू शकत नाही. जुन्या फोटोतल्या जागेवर आज जाऊन माप घ्यायचं असेल, तर जमीन तीच आहे का, हे आधी पाहावं. रस्ते डांबराच्या थरांनी चढतात, फलाट उंच केले जातात, दुकानांपुढच्या पायऱ्या गाडल्या जातात. फोटोत दिसणाऱ्या पायथ्याजवळच्या एखाद्या खुणेचं प्रमाण आजच्याशी ताडून पाहिलं की हे लगेच उघडकीला येतं.

आत्याच्या पुराव्याचाही उलगडा इथंच झाला. उंबरठ्यावर पाय ठेवून जाणाऱ्याला वर फक्त 168 सेंमी मोकळी जागा आहे. साडेपाच फुटांच्या माणसालाही तिथं वाकावंच लागेल. आत्याला हे दाखवलं तर म्हणाली, "मग मी का नाही वाकत?" ती पाच फूट आहे.

24 नोव्हेंबर

आता मुख्य गणित. दारासाठी : पायथा ते क्षितिज 591 पिक्सेल, पायथा ते माथा 991. कॅमेऱ्याची उंची = 186 × 591 / 991 = 110.9 सेंमी.

हा आकडा मिळाल्यावर फार बरं वाटलं. यशिका-मॅटमध्ये वरून खाली पाहून फोटो घ्यायचा असतो, कॅमेरा पोटाच्या जरा वर धरलेला असतो. 111 सेंमी त्या धरण्याशी अगदी जुळतं. दीडशेच्या पुढचा आकडा आला असता, तर क्षितिजरेषा पुन्हा तपासावी लागली असती. ही पडताळणी फुकट मिळते आणि पुष्कळ काही सांगते : कॅमेऱ्याची उंची कधीही आधी काढावी आणि ती शक्य कोटीतली आहे का ते बघावं.

आजोबांसाठी : पाय ते क्षितिज 726, पाय ते टोपी 1151. उंची = 110.9 × 1151 / 726 = 175.8 सेंमी, टोपी आणि वहाणांसकट.

30 नोव्हेंबर

वरचं गणित कॅमेरा समतल धरला होता असं मानतं. प्रत्यक्षात तो किंचित वर रोखलेला होता. दाराची चौकट वर जाताना अगदी थोडी आत झुकते, त्यावरून ते दिसतं. उभ्या रेषा मग समांतर राहत नाहीत, लांब वर कुठेतरी मिळतात. चौकटीच्या दोन बाजूंवरून तो बिंदू काढायचा प्रयत्न सोडून दिला, रेषा इतक्या कमी झुकतात की एका पिक्सेलच्या फरकानं बिंदू हजारो पिक्सेल हलतो. लेन्स माहीत असल्यामुळे दुसरा मार्ग आहे. खऱ्या क्षितिजाचं मध्यबिंदूपासूनचं अंतर 390 पिक्सेल आहे (ते कसं आलं ते पुढच्या नोंदीत). 4000 चा वर्ग भागिले 390, म्हणजे सुमारे 41,000 पिक्सेल मध्याच्या वर. वरच्या कडेपासून मोजलं तर −39,600. कॅमेरा साडेपाच अंश वर रोखलेला होता.

```python
def pramaan(pay, matha, ksh, v=None):
    r = (matha - ksh) / (pay - ksh)
    if v is not None:
        r *= (pay - v) / (matha - v)
    return 1 - r

for v in (None, -39600):
    camera = 186 / pramaan(2341, 1350, 1750, v)
    print(camera, camera * pramaan(2476, 1325, 1750, v))
```

दुरुस्तीशिवाय कॅमेरा 110.9 आणि आजोबा 175.9 (हातानं केलेल्या गणितात कॅमेऱ्याची उंची आधीच एका दशांशावर आणली होती, म्हणून तिथे 175.8). दुरुस्तीनंतर कॅमेरा 109.9 आणि आजोबा 176.0. कॅमेऱ्याची उंची एका सेंटीमीटरनं बदलली, आजोबांची जेमतेम एका मिलिमीटरनं. दार आणि आजोबा साधारण सारख्याच उंचीचे आहेत आणि कॅमेऱ्यापासून फार वेगळ्या अंतरांवर नाहीत, त्यामुळे कलण्याची चूक दोघांत सारखीच शिरते आणि भागाकारात निघून जाते. म्हणून संदर्भवस्तू माणसाच्या उंचीच्या जवळपासची असावी. गुडघ्याएवढ्या खोक्यावरून किंवा इमारतीच्या मजल्यावरून माप काढलं असतं, तर ही सूट मिळाली नसती. छताजवळून खाली रोखलेल्या सीसीटीव्हीच्या चित्रात तर उभ्या रेषांचा बिंदू चित्राच्या जवळच येतो. तिथे ही दुरुस्ती न करता काढलेली उंची मी मानणार नाही.

7 डिसेंबर

उताराचा प्रश्न मनात होता. वाड्याचं अंगण कधीच समतल नसतं, पावसाचं पाणी मोरीकडे जायला उतार दिलेला असतो. मग आजोबांची पावलं दाराच्या पायथ्यापेक्षा खाली असणार.

बाजूच्या भिंतीत विटांचे आडवे थर दिसतात. ते खरोखर समतल आहेत असं धरून त्यांच्या रेषा वाढवल्या, तर त्या 1790 ला मिळतात. फरशीवरून काढलेली रेषा 1750 ला आहे. हा 40 पिक्सेलचा फरक म्हणजेच उतार : 4000 ला 40, शंभरात एक, आणि जमीन दाराकडे चढत जाणारी. 1790 हे खरं क्षितिज, म्हणून कॅमेऱ्याचा कल त्यावरून काढला.

उंचीसाठी मात्र कुठली रेषा घ्यायची? 1790 घेतली तर आजोबा 173.5 येतात, 1750 घेतली तर 175.9. यावर बराच विचार केला. दाराचा पायथा आणि आजोबांची पावलं ज्या पृष्ठभागावर आहेत, त्याचीच रेषा हवी, कारण दाराची उंची आपण त्या पृष्ठभागावरून सरकवत आजोबांपर्यंत नेतो. पृष्ठभाग कललेला असेल तर रेषाही कललेल्या पृष्ठभागाची. आजोबा दारापासून साधारण दीड मीटर पुढे आहेत, तेवढ्यात जमीन दीड सेंटीमीटर उतरली. फरशीची रेषा वापरली की हा दीड सेंटीमीटर आपोआप हिशेबात येतो. भिंतीवरून काढलेलं क्षितिज जास्त पक्कं वाटतं, आणि इथे नेमकं तेच दोन-अडीच सेंटीमीटरनं चुकवतं.

14 डिसेंबर

कुठल्या बिंदूत किती अनिश्चितता आहे ते एकेक हलवून पाहिलं. क्षितिजरेषा 10 पिक्सेल वर-खाली केली तर उत्तर अर्धा-पाऊण सेंटीमीटरच बदलतं. पायाचा बिंदू जास्त संवेदनशील आहे. डोक्याच्या माथ्यापासून खाली सोडलेला ओळंबा जमिनीला जिथे टेकेल, तो बिंदू हवा, म्हणजे दोन्ही टाचांच्या मधोमध, जरा पुढे. फोटोत डोळ्याला सगळ्यात आधी दिसतं ते चवड्याचं टोक. ते 2501 वर आहे, आणि ते घेतलं तर उंची 173.7 होते, दोन सेंटीमीटर कमी. मी दोन्ही पावलांच्या टाचा आणि चवडे टिपून मधला बिंदू घेतला आहे. त्यात 10 पिक्सेल इकडे-तिकडे होऊ शकतात, म्हणजे एक सेंटीमीटर.

लेन्सचा बाक तपासला. कडेच्या भिंतीची उभी कड पट्टीला लावून पाहिली, कुठेच फुगवटा दिसला नाही. 6×6 फ्रेमवर 80 मिमी ही मध्यम लेन्स आहे आणि आजोबा मध्यापासून फार लांब नाहीत. दुरुस्ती केली नाही.

22 डिसेंबर, वाई

ज्याची उंची ठाऊक आहे अशा माणसावर रीत तपासायला हवी होती. भाच्याला दारापुढे उभं केलं. भिंतीला टेकून, अनवाणी, डोक्यावर पुस्तक ठेवून मोजली तेव्हा त्याची उंची 168.4 सेंमी भरली. फोटो मोबाइलवरून, दुप्पट झूमवर, पोटाशी धरून घेतले. आता संदर्भ आजच्या जमिनीचा, म्हणजे 179.

दारापासून वेगवेगळ्या अंतरांवर तो ताठ उभा असताना उत्तरं दीड सेंटीमीटरच्या आत राहिली. एका पायावर भार टाकून सैल उभा राहिला की दोनेक सेंटीमीटर कमी. झूम न करता, फ्रेमच्या अगदी कडेला उभा केला तेव्हा तीन सेंटीमीटरहून जास्त फरक पडला. मोबाइलच्या रुंद लेन्सच्या कोपऱ्यात रेषा सरळ राहत नाहीत, आणि ही सगळी रीत तर सरळ रेषांवर उभी आहे.

भाच्याला आजोबांच्या टोपीसारखी गांधीटोपी घालून पुन्हा फोटो घेतला. माथ्यावर साधारण 3 सेंमी वाढतात. वहाणांच्या तळव्याचे 2 सेंमी धरले.

28 डिसेंबर

176 मधून 5 वजा, 171 सेंमी. क्षितिजरेषा, पाय, उंबरठ्याचं प्रमाण, टोपी आणि उभं राहण्याची ढब हे सगळं मिळून मी अलीकडे-पलीकडे 3 सेंमी ठेवते : 168 ते 174. म्हणजे पाच फूट सहा ते पाच फूट साडेआठ. सहा फूट म्हणजे 183 सेंमी, ते या पल्ल्यात कुठेच बसत नाही. त्यासाठी दार 199 सेंमी असायला हवं होतं.

11 जानेवारी 2025

आजोबा सरकारी नोकरीत होते. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर बुटांशिवाय मोजलेली उंची लिहिलेली असते. गणित पुरं होईपर्यंत ते पान मला सांगू नकोस, असं चुलतभावाला सांगून ठेवलं होतं. आज त्यानं फोटो पाठवला : 5 फूट 8 इंच, म्हणजे 172.7 सेंमी.

ती नोंद नोकरीला लागतानाची, ऐन तरुणपणातली. फोटोत आजोबा निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत आणि त्या वयापर्यंत माणूस थोडा खचतोच. माझ्या 171 मधला पावणेदोन सेंटीमीटरचा फरक वयाचा आहे की मोजणीचा, हे या एका फोटोवरून वेगळं करता येणार नाही, कारण तो माझ्या 3 सेंमीच्या आतच आहे.

त्याच निगेटिव्हच्या पाकिटात त्याच दिवशीचा आणखी एक फोटो आहे. आजी त्याच दारात, उंबरठ्याच्या आतल्या बाजूला उभी आहे. तिची पावलं अंगणाच्या पृष्ठभागावर नाहीत, त्यामुळे फरशीची रेषा तिच्यासाठी चालणार नाही. आतल्या जमिनीची उंबरठ्यापासूनची खोली मोजून, आजीचा पायथा त्या पातळीवर धरून गणित नव्यानं मांडावं लागेल. पुढच्या खेपेला टेप घेऊन आधी तेवढंच मोजायचं आहे.